आठ कोटींची कॅप, पण शेअर किती? कन्व्हर्टिबल नोट आकड्यांनिशी

नव्या कंपनीत अगदी सुरुवातीला पैसे घालणाऱ्याच्या हातात कन्व्हर्टिबल नोटचा मसुदा आला की नजर आधी एकाच आकड्याकडे जाते: कॅप किती? कॅप म्हणजे तुमच्या शेअरचा भाव काढताना कंपनीचं मोल जास्तीत जास्त किती धरायचं, त्याची मर्यादा. कॅप आठ कोटी दिसली की मनातल्या मनात भागाकार होतो. पन्नास लाख भागिले आठ कोटी, म्हणजे सव्वासहा टक्के कंपनी आपली. हा हिशेब जवळपास नेहमीच चुकतो. कधी कमी येतो, कधी जास्त आणि कधी कंपनीतला हिस्सा मिळतच नाही. असं का होतं, ते एकाच उदाहरणाचा धागा धरून पाहू.

नोट म्हणजे मुळात कर्ज. तुम्ही कंपनीला पैसे उसने देता. त्यावर व्याज चढतं आणि परतफेडीची एक मुदत असते. फरक इतकाच, की हे कर्ज रोखीने फिटावं अशी दोन्ही बाजूंची इच्छा नसते. पुढे मोठा गुंतवणूकदार येईल, तो कंपनीचं मोल ठरवेल आणि त्या दिवशी तुमचं कर्ज शेअरमध्ये बदलेल, असा हा करार असतो. आज कंपनीकडे दाखवण्यासारखं फारसं काही नसताना मोलावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही, म्हणून तो प्रश्न पुढे ढकललेला असतो. पण तुम्ही इतरांच्या आधी जोखीम उचललीत, त्याचा मोबदला हवाच. तो मोबदला ठरवायच्या दोन पद्धती म्हणजे डिस्काउंट आणि व्हॅल्युएशन कॅप.

आता उदाहरण. चलन कोणतंही समजा. कंपनीत एकूण १०,००,००० शेअर आहेत. त्यातले ९,००,००० संस्थापकांचे आणि १,००,००० कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले, ज्याला ऑप्शन पूल म्हणतात. तुम्ही ५० लाखांची नोट घेतली. व्याज वर्षाला ८ टक्के, सरळव्याज. मुदत २४ महिने. डिस्काउंट २० टक्के. कॅप ८ कोटी. दीड वर्षानं मोठी फेरी झाली, म्हणजे कंपनीनं शेअर विकून मोठ्या गुंतवणूकदाराकडून पैसे उभे केले. तोवर १२ टक्के व्याज जमलं, म्हणजे ६ लाख. ही रक्कम सहसा रोख दिली जात नाही, मुद्दलात मिळवून तिचेही शेअर होतात. तेव्हा शेअरमध्ये बदलायची रक्कम झाली ५६ लाख.

इथून पुढे सगळा खेळ एका भागाकाराचा. ५६ लाखांना दर शेअरच्या कोणत्या भावाने भागायचं?

दोन भाव, त्यातला कमी तुमचा

डिस्काउंट समजायला सोपा आहे. नवा गुंतवणूकदार ज्या भावाने शेअर घेईल, त्याहून २० टक्के कमी भावाने तुम्हाला मिळतील. कॅपमध्ये नव्या गुंतवणूकदाराचा भाव लागत नाही. ८ कोटींना १०,००,००० शेअरांनी भागायचं, भाव येतो ८०. कंपनीचं मोल कितीही वर गेलं, तरी तुम्हाला ८० पेक्षा महाग शेअर घ्यावा लागणार नाही. नीट लिहिलेल्या नोटमध्ये या दोन भावांपैकी जो कमी असेल तो लागू होतो.

नव्या फेरीत कंपनीचं मोल ६ कोटी ठरलं असं धरू. भाव ६०. डिस्काउंट धरून ४८. कॅपचा भाव ८०, म्हणजे तो इथे निरुपयोगी. ५६ लाख भागिले ४८, म्हणजे साधारण १,१६,६६७ शेअर, आणि ६० च्या भावाने त्यांची किंमत ७० लाख.

आता मोल १६ कोटी धरा. भाव १६०. डिस्काउंटनं तो १२८ होतो, कॅपनं ८०. तुम्हाला ८० लागू. शेअर ७०,०००, त्यांची किंमत १ कोटी १२ लाख. कॅप नसती आणि नुसता डिस्काउंट असता, तर शेअर मिळाले असते ४३,७५० आणि किंमत पुन्हा ७० लाखच.

हे ७० लाख दोनदा आले तो योगायोग नाही. डिस्काउंटच्या पट्ट्यात तुमचा फायदा ठरलेला असतो: ५६ लाख भागिले ०.८. कंपनी दुप्पट मोठी झाली काय किंवा दहापट, नुसत्या डिस्काउंटवर तुम्हाला तेवढंच मिळतं. कंपनीच्या वाढीत वाटा मिळतो तो कॅपमुळे. हे दोन पट्टे कुठे जुळतात ते काढायला कॅपला ०.८ ने भागायचं. ८ कोटी भागिले ०.८, म्हणजे १० कोटी. पुढच्या फेरीतलं मोल १० कोटींच्या खाली असेल तर डिस्काउंट कामाला येईल, वर असेल तर कॅप. मसुदा हातात आला की मी सर्वांत आधी हाच आकडा काढतो. संस्थापक जर बोलताना ‘पुढची फेरी ९ कोटींच्या आसपास होईल’ म्हणत असतील, तर ज्या कॅपवरून तुम्ही दोन आठवडे घासाघीस करताय ती कदाचित लागूच होणार नाही.

एक सूचना जाता जाता. काही मसुद्यांत ‘दोन्हीपैकी कमी’ हे शब्द नसतात आणि वाक्य असं रचलेलं असतं की कॅपच्या भावावर पुन्हा डिस्काउंट मागता येईल. म्हणजे ८० वर २० टक्के सूट, ६४ चा भाव, ८७,५०० शेअर. गुंतवणूकदार म्हणून ते गोड वाटेल, पण अशी संदिग्धता मोठ्या फेरीच्या आदल्या आठवड्यात वकिलांच्या बैठकीत फुटते, आणि तिथे नव्या गुंतवणूकदाराचं वजन सगळ्यात जास्त असतं.

भागायचं कितीने

कॅपच्या भावात अंश सगळ्यांना दिसतो: ८ कोटी. छेद मात्र व्याख्यांच्या पानावर लपलेला असतो आणि खरी हातचलाखी तिथे होते. आपण १०,००,००० धरले. पण कंपनीचे ‘एकूण शेअर’ म्हणजे नेमके कोणते? आज दिलेलेच, की ऑप्शन पूलमधले अजून न वाटलेलेसुद्धा? नव्या फेरीसाठी पूल वाढवावा लागला तर ती वाढ धरायची का? आणि नोटांमधून जन्माला येणारे शेअर धरायचे का?

पूलचं घ्या. नवा गुंतवणूकदार जवळपास नेहमीच म्हणतो, की मी येण्याआधी पूल मोठा करा. समजा १,००,००० चा २,००,००० केला. छेदात ही वाढ धरली, तर ८ कोटी भागिले ११,००,०००, भाव ७२.७३, आणि तुम्हाला ७०,००० ऐवजी ७७,००० शेअर. धरली नाही तर ७०,०००च. एका शब्दसमूहामुळे सात हजार शेअर इकडचे तिकडे.

नोटांच्या शेअरांचा प्रश्न याहून मोठा आहे. ते छेदात नसतील तर त्या कॅपला प्री-मनी म्हणतात, असतील तर पोस्ट-मनी. आपल्या उदाहरणात कॅप प्री-मनी आहे. मोठ्या फेरीचे पैसे येण्याच्या आधीच्या क्षणी तुमचा हिस्सा ७०,००० भागिले १०,७०,०००, म्हणजे ६.५४ टक्के. पोस्ट-मनी असती तर थेट ५६ लाख भागिले ८ कोटी, म्हणजे ७ टक्के.

फरक लहान दिसतो, कारण इथे नोट एकच आहे. पण तुमच्यानंतर संस्थापकांनी आणखी दीड कोटीच्या नोटा विकल्या तर? प्री-मनी कॅपमध्ये त्या नोटांचे शेअर तुमच्या हिश्श्यालाही पातळ करतात, आणि तुम्हाला ते कळतं मोठ्या फेरीच्या दिवशी. पोस्ट-मनीमध्ये तुमचे ७ टक्के त्या क्षणापर्यंत जागेवर राहतात आणि सगळा भार संस्थापकांवर पडतो. नव्या कंपन्यांना सुरुवातीला पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेनं २०१३ मध्ये सेफ नावाचा कागद आणला. तो नोटसारखाच, फक्त त्यात व्याज आणि मुदत नाही. २०१८ मध्ये त्यांनी त्याची कॅप प्री-मनीवरून पोस्ट-मनीवर नेली ती याच कारणासाठी: कोणाला किती टक्के दिलेत हे सही करतानाच कळावं म्हणून. नोटमध्येही तशी व्याख्या लिहून घेता येते. माझ्या मते लहान गुंतवणूकदारानं कॅप थोडी खाली आणण्यासाठी भांडण्यापेक्षा ही व्याख्या मागावी. संस्थापकांनी मात्र ती देताना आधी पुढच्या सगळ्या नोटांची बेरीज करून पाहावी.

मोठ्या फेरीत आणखी एक भागाकार होतो, नव्या गुंतवणूकदाराचा. वर मी सोय म्हणून १६ कोटी भागिले १०,००,००० केलं आणि भाव १६० काढला. प्रत्यक्षात नवा गुंतवणूकदार ते मान्य करत नाही. समजा तो १६ कोटींच्या मोलावर ४ कोटी घालतोय. त्याला वाटतं, २० कोटींच्या कंपनीत माझे ४ कोटी, म्हणजे २० टक्के. पण १६० च्या भावाने त्याला २,५०,००० शेअर मिळतात, एकूण शेअर होतात १३,२०,०००, आणि त्याचा हिस्सा निघतो १९ टक्क्यांच्या किंचित खाली. म्हणून तो म्हणतो, १६ कोटींत तुमच्या नोटांचे शेअरही धरा. मग भाव १६ कोटी भागिले १०,७०,०००, म्हणजे १४९.५३. त्याला २,६७,५०० शेअर मिळतात आणि हिस्सा बरोबर २० टक्के. तुमचे शेअर ७०,०००च राहतात, कारण कॅपचा भाव ८० ठरलेला आहे. फक्त हिस्सा ५.३० वरून ५.२३ टक्क्यांवर येतो. संस्थापक ६८.१८ वरून ६७.२९ वर. आपली १० कोटींची सीमारेषाही या पद्धतीनं १० कोटी ७० लाखांपर्यंत सरकते. सुरुवातीला मनात केलेला सव्वासहा टक्क्यांचा हिशेब आठवा. फेरी संपल्यावर हातात सव्वापाच उरले, आणि यात कोणी कोणाला फसवलेलं नाही.

बदल कधी होतो

इथवर आपण गृहीत धरलं की मोठी फेरी झाली आणि नोट आपोआप बदलली. आपोआप बदलण्यासाठी त्या फेरीनं एक उंबरठा ओलांडावा लागतो. करारात त्याला पात्र फेरी अशा अर्थाचं नाव असतं आणि किमान रक्कम लिहिलेली असते. आपण ती २ कोटी धरू. ही अट नसती, तर ओळखीच्या कोणाकडून दहा लाख घेऊन, शेअरांसोबत काहीही हक्क न जोडता, तुमची नोट त्या दुबळ्या शेअरांमध्ये बदलून टाकता आली असती. उंबरठा म्हणजे खरा, पारखून घेणारा गुंतवणूकदार आला आहे याची खूण.

आता अडचण बघा. कंपनीनं दीड कोटी उभे केले. त्यात तुमच्या नोटचे ५६ लाख मिळवले तर २ कोटी ६ लाख होतात. मग उंबरठा ओलांडला का? करारात ‘नोटांच्या रूपांतराची रक्कम वगळून’ असं लिहिलं असेल तर नाही. लिहिलं नसेल तर दोघंही आपापलं खरं म्हणतील. तसंच, आधी १ कोटी २० लाख आणि तीन महिन्यांनी त्याच अटींवर ९० लाख आले तर? एकाच फेरीचे हप्ते एकत्र मोजायचे, असं स्पष्ट असायला हवं. उंबरठ्याखालच्या फेरीत नोटधारकांना हवं असल्यास बदल करून घेता यावा, अशी ऐच्छिक वाटही असावी. ती नसली तर कंपनीत नवे शेअरधारक येतात, दुसरी फेरी होते आणि तुम्ही अजून सावकारच.

दुसरा प्रसंग: फेरी व्हायच्या आतच कंपनी विकली जाते. माझ्या मते नोटमधलं सगळ्यात दुर्लक्षित कलम हे आहे. विक्रीबद्दल करार गप्प असेल तर तुम्ही कर्जदाते आहात, तुम्हाला मुद्दल आणि व्याज मिळेल. दीड वर्षानं कंपनी ३० कोटींना विकली गेली, तरी तुमच्या हाती ५६ लाख. कॅपच्या भावाने शेअर घेण्याचा पर्याय लिहिलेला असेल, तर ३० कोटींच्या ६.५४ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९६ लाख. हीच कंपनी, हीच विक्री, फरक एका परिच्छेदाचा.

काही नोटांत विक्रीच्या वेळी मुद्दलाच्या दुप्पट मिळतील असं असतं. चांगलं कलम ‘दुप्पट किंवा कॅपच्या भावाचे शेअर, जे जास्त असेल ते’ असं असतं. आपल्या उदाहरणात दुप्पट म्हणजे १ कोटी. कंपनी १२ कोटींना विकली तर शेअर घेऊन साडेअठ्ठ्याहत्तर लाख मिळाले असते, तेव्हा दुप्पट बरी. साधारण १५ कोटी ३० लाखांच्या पुढे शेअर बरे. पण खरेदीदार दुप्पट परतफेडीची रक्कम आपल्या खिशातून देत नाही, ती विक्रीच्या रकमेतून जाते. म्हणून लहान विक्रीत हे कलम संस्थापकांचा वाटा खाऊन टाकतं, आणि मग विक्री व्हावी यासाठी तेच तुम्हाला सवलत मागायला येतात.

तिसरा प्रसंग: काहीच होत नाही आणि २४ महिने संपतात. कागदावर तुम्ही ५० लाख आणि १६ टक्के व्याज, एकूण ५८ लाख मागू शकता. व्यवहारात कंपनीच्या खात्यात तेवढे पैसे असते तर तिला नोट काढायची गरजच पडली नसती. ही कर्जं सहसा विनातारण असतात. वसुलीला गेलात तर कंपनी बुडते आणि तिच्यासोबत तुमचे पैसेही. त्यामुळे मुदत संपली की बहुतेक वेळा चर्चा होते: मुदत वाढवायची, कॅप थोडी खाली आणायची, किंवा कॅपच्या भावाने साधे शेअर घेऊन टाकायचे. आपल्या आकड्यांत ते ७२,५०० शेअर होतील. साधे हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या फेरीत तुम्हाला प्रेफर्ड शेअर मिळाले असते, ज्यांना कंपनी विकली किंवा बंद झाली तर आधी पैसे मिळतात. साध्या शेअरांना तो मान नसतो.

या वाटाघाटीत तुमचा आवाज किती, हे दुरुस्तीचं कलम सांगतं. एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त नोटा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मान्य केलेला बदल सर्वांना बांधील, असं ते बहुधा असतं. दोन कोटींच्या नोटांत तुमचे ५० लाख असतील आणि एकट्याचे सव्वा कोटी असतील, तर मुदत वाढवायची की नाही ते तो एकटा ठरवतो. हे वाईटच असतं असं नाही. दहा जणांनी दहा दिशांना ओढण्यापेक्षा बरं. पण तो संस्थापकाचा नातेवाईक आहे का, एवढं सही करण्याआधी विचारून घ्यावं.

प्रेफर्ड शेअर मिळाले, तर किती हक्काचे

१६ कोटींच्या फेरीकडे परत येऊ. नव्या गुंतवणूकदाराला १४९.५३ च्या भावाने प्रेफर्ड शेअर मिळाले आणि प्रत्येक शेअरमागे तेवढे पैसे सर्वांआधी परत मिळण्याचा हक्क. तुमचे ७०,००० शेअर त्याच वर्गातले असतील तर तुमचाही हक्क ७०,००० गुणिले १४९.५३, म्हणजे सुमारे १ कोटी ५ लाखांचा. दिले होते ५० लाख, व्याजासह ५६. कंपनी नुकसानीत विकली तर तुम्ही न दिलेल्या पैशांवर हक्क सांगणार आणि संस्थापक व कर्मचाऱ्यांच्या आधी ते घेणार.

नवे गुंतवणूकदार हे लगेच पकडतात. उपाय असा, की तुमच्यासाठी प्रेफर्ड शेअरांचा एक उपवर्ग काढतात. मतदानाचे आणि बाकीचे हक्क तेच, पण आधी परत मिळायची रक्कम दर शेअरमागे १४९.५३ नसून ८०. म्हणजे एकूण ५६ लाख. ही वाट नोटमध्येच आधी लिहिलेली असली की फेरीच्या वेळी तिढा पडत नाही. गुंतवणूकदारानं याला विरोध करण्यात मला फारसं हशील दिसत नाही. तुमचा खरा फायदा जास्त शेअर मिळण्यात आहे आणि तो इथे शाबूत राहतो.

मसुदा समोर असेल तर कॅपचं पान तूर्त बाजूला ठेवा आणि व्याख्यांचं पान काढा. त्यात ‘एकूण भांडवल’ या अर्थाची व्याख्या असेल. ती घेऊन कोऱ्या तक्त्यात तीन रकाने मांडा: फेरी कॅपच्या खाली झाली तर, दुप्पट मोलावर झाली तर, आणि फेरी न होता कंपनी विकली गेली तर. प्रत्येक रकान्यात तुमचे शेअर आणि त्यांची किंमत काढा. एखाद्या रकान्यात आकडा भरायला करारात शब्दच सापडला नाही, तर वकिलाला आणि संस्थापकांना पहिला प्रश्न तिथला विचारायचा.